सोय की सूट? डिस्लेक्सिया असलेल्या मुलीच्या अभ्यासाची आखणी करताना

डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला ‘सवलत द्या’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक सोय, दुसरी सूट. सोय केली की शिकायचं तेवढंच राहतं, फक्त तिथवर पोचायचा रस्ता बदलतो. सूट दिली की शिकायचंच कमी होतं. वाचायला जादा वेळ, ऑडिओ आणि कमी लेखन ही तिन्ही साधनं दोन्ही बाजूंना बसू शकतात, त्यामुळे साधनाकडे बघून फरक कळत नाही. या कामातून नेमकं काय तपासायचं आहे, हे विचारल्यावर कळतो.

विज्ञानाच्या धड्यात प्रकाशसंश्लेषण समजलं का हे बघायचं असेल, तर धडा ऐकवणं ही सोय आहे. तोच धडा वाचनाच्या तासाला, मुलीला शब्द किती अचूक उलगडता येतात हे बघण्यासाठी समोर ठेवला असेल, तर ऐकवणं ही सूट झाली. मोबाइल तोच, आवाज तोच, पण जे तपासायचं होतं तेच बाजूला पडलं.

ऑडिओ मुळात उपयोगी का पडतो? गॉफ आणि टनमर या संशोधकांनी 1986 मध्ये वाचनाचा एक साधा हिशेब मांडला. वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा ऐकून समजण्याची क्षमता. डिस्लेक्सियात अडचण मुख्यतः पहिल्या भागात असते आणि दुसरा बऱ्याचदा चांगला असतो. पण हा गुणाकार असल्यामुळे पहिला भाग अडला की सगळंच खाली येतं. ‘पर्णरंध्रे’ हा शब्द तीन तुकड्यांत वाचून होईपर्यंत वाक्याची सुरुवात डोक्यातून निसटलेली असते. ऑडिओ ते ओझं उचलतो. उलगडणं मात्र तो शिकवत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. सातवीतली मुलगी, प्रकाशसंश्लेषणाचा अकराशे शब्दांचा धडा. तिचा वेग काढायला फार काही लागत नाही. याच पुस्तकातला, तिने न वाचलेला उतारा एक मिनिट मोठ्याने वाचून घ्यायचा आणि बरोबर वाचलेले शब्द मोजायचे. असं तीन वेगळ्या उताऱ्यांवर करायचं आणि मधला आकडा धरायचा. समजा तो 55 आला. म्हणजे न थांबता एकदा वाचायलाच तिला 20 मिनिटं लागणार. वर्गातली बाकीची मुलं 110 च्या वेगाने तोच धडा 10 मिनिटांत संपवतात. पन्नास टक्के जादा वेळ दिला तर तिला 15 मिनिटं मिळतात, म्हणजे धडा एकदाही पुरा होत नाही. जादा वेळ हा असा मोजून ठरवायचा असतो, अंदाजाने नाही. इथे नुसता वेळ पुरणार नाही, ऑडिओही लागेल, हे त्या तीन मिनिटांच्या मोजणीतून आधीच दिसतं.

ऐकण्याचीही रीत आहे. पुस्तक समोर उघडं, बोट ओळीवर आणि प्रत्येक परिच्छेदाला थांबा. थांबल्यावर तिने आपल्या शब्दांत एक वाक्य सांगायचं, मग पुढे जायचं. नुसतं लावून दिलं तर तिसऱ्या मिनिटाला लक्ष उडतं. दोन अडचणी हमखास येतात. पानाचा फोटो काढून केलेल्या पीडीएफमधला शब्द बोट दाबून निवडता येत नसेल, तर ते नुसतं चित्र आहे. वाचून दाखवणारं ॲप त्यातला मजकूर आधी ओळखल्याशिवाय ते वाचू शकत नाही. दुसरं म्हणजे आकृत्या. पानाच्या छेदाची आकृती ऐकून समजत नाही, तिथे कुणीतरी शेजारी बसून नावांवर बोट ठेवत समजावायलाच हवं.

सोय आणि सूट यांची सगळ्यात जास्त गल्लत होते ती कमी लेखनात. धड्याखाली दहा प्रश्न आहेत असं धरू. चार गाळलेल्या जागा, तीन व्याख्या, दोन ‘कारणे द्या’ आणि एक सविस्तर उत्तर. लेखन कमी करायचं म्हटल्यावर पहिले सात ठेवून शेवटचे तीन गाळले जातात. हेतू चांगला असतो, लिहायला थोडं म्हणून सोपं. पण विचार करायला लावणारे प्रश्न तेवढे गेले आणि स्पेलिंगच्या चुका होणारे नेमके राहिले. मुलगी हुशार असेल तर तिला हे कळतंही, आणि ते तिला लागतं.

मी उलटं करते. गाळलेल्या जागा तोंडी घेते, दोन मिनिटांत होतात. व्याख्या एकच लिहायची. ‘कारणे द्या’ मात्र दोन्ही ठेवायची. झाडाचं कुंडं आधी अंधारात ठेवून मग पानाचा एक भाग काळ्या कागदाने झाकला आणि ते उन्हात ठेवलं, तर नंतर आयोडिनच्या चाचणीत तो भाग निळा-काळा का होत नाही? हे तिने दोन-तीन वाक्यांत लिहायचं. प्रकाश नाही म्हणून स्टार्च नाही, एवढं आलं की उत्तर पूर्ण. ‘स्टार्च’ चुकीचा लिहिला म्हणून विज्ञानात गुण कापायचे नाहीत. दुसरं कारण ती बोलून रेकॉर्ड करते. सविस्तर उत्तराच्या जागी नावं दिलेली आकृती, आणि आत काय जातं, बाहेर काय येतं याचे बाण. लिहिलेले शब्द निम्म्याहून कमी झाले, पण धड्यातली एकही कल्पना सुटली नाही.

जादा वेळेबद्दल एक सावधगिरी. परीक्षेत तो घड्याळात वाढवून मिळतो, घरी तो संध्याकाळमधून कापावा लागतो. काम तेवढंच ठेवून पाऊण तासाचा अभ्यास दीड तासाचा केला तर शेवटच्या अर्ध्या तासात थकव्यानेच चुका वाढतात. म्हणून घरी जादा वेळ आणि कमी लेखन ही जोडीनेच द्यावी लागतात, आणि वीस-पंचवीस मिनिटांनंतर उठू द्यावं लागतं.

आखणी जमते आहे का, हे दोन गोष्टींवरून कळतं. सराव परीक्षेत नेहमीची वेळ संपेपर्यंत निळं पेन आणि जादा वेळेत हिरवं पेन द्यायचं. हिरव्यात पुरी उत्तरं दिसली तर अडचण वेळेचीच होती. हिरवं जवळजवळ कोरं राहिलं तर आणखी वेळ वाढवून उपयोग नाही. बहुधा प्रश्नच नीट वाचला गेलेला नसतो, म्हणून पुढच्या वेळी प्रश्न वाचून दाखवायचा. दुसरी खूण अशी, की लेखी गुण वाढले पण तीच गोष्ट तोंडी विचारल्यावर सांगता येत नाही. तेव्हा सोय म्हणून सुरू केलेलं कुठेतरी सूट झालेलं असतं.

सूट कधी द्यावीच लागते. मूल कल्पनांमध्येच खूप मागे असेल तर धड्याचा गाभा निवडून बाकीचं सोडणं योग्य आहे. पण मग ते वहीत स्पष्ट लिहायचं की इतकं सोडलं आहे, म्हणजे पुढच्या वर्षीच्या शिक्षकांना ते शिकवून झालंय असं वाटणार नाही.

आणि या सगळ्यापासून वेगळी, ऑडिओ बंद असलेली पंधरा-वीस मिनिटं रोज. त्यात आधी ध्वनी सुटे करून अक्षरांशी जोडायचे, मग जोडाक्षरं फोडायची. पर्-ण-रं-ध्रे. फळ्यावर चार तुकडे, खाली बोट, आणि शेवटी अख्खा शब्द एका दमात.