पोस्टिंगमधलं रिफ्लेक्टिव जर्नल आणि चूक लिहिण्याचा प्रश्न

मुंबईतल्या महापालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात पोस्टिंगला जाणाऱ्या नर्सिंगच्या मुलींच्या पिशवीत आता लॉगबुक, प्रोसिजर बुक आणि केअर प्लॅनच्या फाइलीबरोबर आणखी एक वही असते. तिचं नाव रिफ्लेक्टिव जर्नल. सहीसाठी ती मॅडमकडे जाते, आणि बहुतेक वेळा सहीच्या आदल्या रात्री भरली जाते. त्यामागचं कारण आळस असं सरसकट म्हटलं जातं, पण या वहीत नेमकं काय अपेक्षित आहे यावरचा गोंधळ तिच्या जन्मापासूनचा आहे.

अनुभवावर मागे वळून विचार करण्याची कल्पना 20व्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या शिक्षणविचारातून आली. नर्सिंगमध्ये तिचा पाया 1983 मध्ये घातला गेला. त्या वर्षी व्यावसायिकांच्या शिकण्यावर आलेल्या एका पुस्तकाने काम चालू असताना होणारा विचार आणि काम झाल्यावर होणारा विचार असे दोन भाग केले. जर्नल हे दुसऱ्या भागाचं साधन. 1988 मध्ये इंग्लंडमधून सहा पायऱ्यांचं चक्र आलं: काय घडलं, काय वाटलं, काय बरं-वाईट झालं, का झालं, काय कळलं, पुढच्या वेळी काय करणार. आपल्याकडे विद्यार्थिनींना आज शिकवलं जातं ते बहुधा हेच चक्र.

पण आपल्याकडे ही वही कोऱ्या पाटीवर उतरली नाही. मनोविकार परिचर्येच्या पोस्टिंगला ठाण्याला जाऊन आलेल्या कोणत्याही सिस्टरला ‘प्रोसेस रेकॉर्डिंग’ विचारा. पेशंट काय बोलला, मी काय बोलले, त्यातून काय अर्थ निघाला, असे उभे रकाने आखून संभाषण जसंच्या तसं लिहायचं. 1950 नंतर अमेरिकेतल्या मनोविकार परिचर्येतून रुजलेली ही रीत आपल्या अभ्यासक्रमात फार आधीपासून होती. माझ्या मते रिफ्लेक्टिव जर्नलची खरी थोरली बहीण तीच. तिच्यात नर्सचं स्वतःचं वाक्य तपासायला समोर ठेवलेलं असायचं, त्यामुळे नुसतं ‘मला वाईट वाटलं’ लिहून सुटका नव्हती.

2021 च्या राष्ट्रीय नियमावलीने बीएस्सी नर्सिंगला सत्रपद्धत आली आणि क्षमतेवर भर आला. वैद्यकीय पदवीचा अभ्यासक्रम 2019 मध्येच त्या वाटेने गेला होता. लॉगबुकला वजन मिळालं, आणि त्याच्या शेजारीच जर्नल बसल्यामुळे दोन्हींची सरमिसळ झाली. लॉगबुक मोजतं: किती इंजेक्शनं पाहिली, किती देखरेखीखाली दिली. जर्नलला मोजायचं काही नसतं. तरी ‘आज दोन कॅथेटर केअर केल्या, खूप शिकायला मिळालं’ अशा ओळींनी पानं भरतात.

दुसरा गुंता शब्दाचा. ‘रिफ्लेक्शन’ला मराठीत प्रतिबिंब म्हणावं तर आरसा डोळ्यांसमोर येतो, चिंतन म्हणावं तर प्रवचन. वर्गात समजावताना सर्वात जास्त वापरला जातो तो शब्द ‘आत्मपरीक्षण’, आणि तोच सर्वात महागात पडतो. आपल्याकडे आत्मपरीक्षण करायला सांगतात ते चुकलेल्याला. मग मुलगी वहीत माफी मागते: ‘माझं लक्ष नव्हतं, यापुढे काळजी घेईन.’ चूक तिच्या स्वभावात शोधली की विश्लेषणाची पायरी रिकामीच राहते. कुणी मला विचारलं तर मी ‘उलगडा’ म्हणेन. घडलेल्याचा उलगडा करायला गुन्हेगार लागत नाही.

एक प्रसंग घेऊ, तपशील बदललेला. मेल मेडिकल वॉर्ड. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीने दुपारी 12 वाजता साखर तपासली, 268 आली. ठरलेल्या ऑर्डरप्रमाणे सिस्टरच्या देखरेखीखाली 8 युनिट रेग्युलर इन्सुलिन त्वचेखाली दिलं. हे इन्सुलिन जेवणाआधी साधारण अर्धा तास देतात, आणि जेवणाची ट्रॉली साडेबाराला येते. पण 12:10 ला वॉर्डमधले मदतनीस मामा पेशंटला सोनोग्राफीला घेऊन गेले. पोटाच्या सोनोग्राफीसाठी त्याला उपाशी ठेवलं होतं. हे सकाळी ड्युटी बदलताना पेशंटची माहिती सोपवतात त्या ओव्हरमध्ये तोंडी सांगितलं गेलं, तेव्हा ही मुलगी दुसऱ्या बेडजवळ स्पंजिंग करत होती. 1:10 ला पेशंट परतला तो घामाने भिजलेला, हात थरथरत. साखर 54. शुद्धीत होता आणि गिळू शकत होता, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी 82 आली, मग त्याला जेवायला दिलं. डॉक्टरांना कळवलं, केसपेपरवर नोंद झाली.

लॉगबुकात ही दुपार एका टिकमध्ये मावते: इन्सुलिन, एक. आत्मपरीक्षणात ती ‘मी घाबरले, माझी चूक झाली’ इतकीच उरते. उलगडा केला तर वेगळंच दिसतं. तिने साखर पाहिली, ऑर्डर पाहिली, डोस पाहिला, पण ‘आत्ता जेवणार आहात ना?’ हा प्रश्न तिच्या तपासणीत नव्हताच. उपाशी ठेवल्याची सूचना बेडवर लिहिलेली नव्हती. म्हणजे पुढच्या वेळी काय करायचं ते ‘लक्ष देईन’ असं मोघम राहत नाही: इन्सुलिन भरण्याआधी पेशंटला जेवणाचं आणि सिस्टरना तपासण्यांचं विचारायचं, आणि ओव्हर हुकला तर काम संपल्यावर तो मागून घ्यायचा. मी वही तपासताना प्रसंग बदलून पाहते. इन्सुलिनच्या जागी ड्रेसिंग घातलं आणि पान तरीही जसंच्या तसं लागू पडलं, तर त्या पानात उलगडा झालेला नाही.

मग प्रश्न येतो, हे सगळं लिहायचं का? हा वाद 2018 मध्ये ब्रिटनमध्ये पेटला. 2011 मध्ये तिथे एका सहा वर्षांच्या मुलाचा रुग्णालयात मृत्यू झाला. 2015 मध्ये एका शिकाऊ डॉक्टरला दोषी ठरवलं गेलं, जानेवारी 2018 मध्ये तिचं नाव डॉक्टरांच्या नोंदणी यादीतून काढलं गेलं आणि ऑगस्टमध्ये वरच्या न्यायालयाने तो निर्णय फिरवला. तिचंच चिंतनलेखन तिच्याविरुद्ध वापरलं गेलं, ही समजूत तेव्हा वाऱ्यासारखी पसरली. नियामकांनी तो पोर्टफोलिओ ज्युरीसमोर नव्हता असं स्पष्ट केलं, तरी भीती राहिली. त्याच वर्षी तिथे मार्गदर्शन निघालं: ओळख पटेल असं काही लिहू नका, भर शिकण्यावर ठेवा, घटनेचे तपशील ठरलेल्या नोंदींत जाऊ द्या. याच ब्रिटनमध्ये एप्रिल 2016 पासून नर्सना नोंदणी टिकवण्यासाठी पाच लेखी चिंतनं लागतात. त्यामुळे लिहायचंच नाही, हा मार्ग त्यांना उरलेला नव्हता.

ही भीती मुंबईतही आहे, नाव वेगळं इतकंच: ‘मॅडमना कळलं तर?’ तिला आधारही आहे, कारण जर्नलला कायद्याचं कवच नाही आणि न्यायालय कोणताही कागद मागवू शकतं. त्यातच ज्या मॅडम गुण देतात त्याच ती वही वाचतात. माझं मत स्पष्ट आहे: जर्नल पूर्ण झालं की नाही एवढंच पाहावं, मजकुराला गुण देऊ नयेत. गुण ठेवले की मुली चुकीऐवजी सुरक्षित प्रसंग निवडतात, आणि मग प्रत्येक वहीत तोच एक मरणासन्न आजोबा भेटतो, ज्याचा हात धरून बसल्यावर लिहिणारीच्या डोळ्यांत पाणी येतं.

घटना दडवणं हा मात्र यावरचा उपाय नव्हे. वर सांगितलेल्या प्रसंगात 54 ची साखर केसपेपरवर आहे, सिस्टरना माहीत आहे, घटनेचा अहवाल लागला तर तो वेगळा जातो. जर्नलमध्ये ती पुन्हा पुराव्यासारखी मांडायची गरज नसते. नाव काढलं म्हणजे ओळख पुसली, हाही भ्रम आहे. ‘52 वर्षांचे लालबागचे टॅक्सीचालक, बेड 14, मंगळवार’ एवढ्यावर अख्खा वॉर्ड पेशंट ओळखेल. ‘इन्सुलिनवर असलेले मध्यमवयीन पुरुष, दुपारची वेळ’ पुरतं. तारखेऐवजी पोस्टिंगचा आठवडा लिहावा, सिस्टरचं नाव न घालता ‘देखरेख करणाऱ्या सिस्टर’ म्हणावं, आणि पानाचा फोटो मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकू नये.