औषधाची ॲलर्जी आणि दुष्परिणाम

नवीन औषध सुरू केल्यावर होणाऱ्या त्रासाचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. दुष्परिणाम हा औषधाच्या कामातूनच निघतो. तो कोणालाही होऊ शकतो आणि बहुतेक वेळा मात्रेप्रमाणे कमी-जास्त होतो. ॲलर्जीत शरीराची प्रतिकारशक्ती औषधाविरुद्ध भडकते. ती मोजक्याच माणसांना होते आणि तिला अगदी थोडे औषधही पुरते. कोल्हापूरकडे दोन्हींना सरसकट ‘रिॲक्शन आली’ किंवा ‘गोळी गरम पडली’ म्हणतात. बोलण्यापुरते ते ठीक आहे, पण पुढची गोळी घ्यायची की नाही हे त्यावरून ठरत नाही. सर्वांत फसवते ती सूज, कारण ती दोन्हींत येते. शिवाय एक सूज अशीही आहे की ती ॲलर्जी नसूनही जिवावर बेतू शकते.

रक्तदाबासाठी सर्रास दिली जाणारी ॲम्लोडिपिन ही गोळी घ्या. काही आठवड्यांनी संध्याकाळी दोन्ही घोटे भरून येतात, चपलेचा पट्टा रुततो आणि बोट दाबले की खळगा पडतो. रात्रभर पाय वर राहिल्याने सकाळी सूज उतरलेली असते. ही गोळी लहान रक्तवाहिन्या सैल करते, त्यामुळे पाणी झिरपून पायात साठते. 5 मिलिग्रॅमपेक्षा 10 मिलिग्रॅमला हे जास्त दिसते. ही ॲलर्जी नाही आणि लघवीच्या गोळीने ती फारशी हटत नाही. डॉक्टर मात्रा कमी करतात, दुसरी गोळी जोडतात किंवा औषध बदलतात. तोवर स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. मात्र सूज एकाच पायाला असेल आणि पोटरी दुखत असेल, किंवा आडवे झाल्यावर दम लागत असेल, तर दोष गोळीवर ढकलून थांबू नये. त्याची कारणे वेगळी असतात आणि तपासणी त्याच दिवशी व्हावी लागते.

अंगावर गांधी उठणे हे वेगळे चित्र आहे. आपल्याकडे त्याला ‘पित्त उठणे’ म्हणतात आणि घरोघरी आमसुलाचे पाणी चोळतात. अमॉक्सिसिलिनसारख्या प्रतिजैविकाने किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकाने हे होते तेव्हा सुरुवात बहुधा गोळीनंतर काही मिनिटांत ते एक-दोन तासांत होते. आधी तळहात खाजतात, मग लालसर, फुगीर चट्टे येतात. एक चट्टा काही तासांत विरतो आणि दुसरीकडे नवा उठतो. नुसतेच चट्टे असतील तर ते औषध थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तोवर सेट्रिझिनने खाज कमी होते. पण चट्ट्यांबरोबर दम लागला, घशात आवळल्यासारखे झाले, आवाज बसला, उलट्या सुरू झाल्या किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ते ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी असते. तिथे आमसूल किंवा सेट्रिझिन पुरे पडत नाही. औषध एकच, ॲड्रेनलिन. प्रौढाला 0.5 मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात आणि फरक न पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा देतात.

अशा रुग्णाला दोघांच्या मधे बसवून मोटारसायकलवरून नेण्याची आपल्याकडची पद्धत घातक आहे. रक्तदाब खाली आलेला असताना माणूस एकदम उभा राहिला तर हृदय बंद पडू शकते. त्याला आडवे करून पाय उंच ठेवावेत. दमामुळे झोपवत नसेल तर पाय पसरून बसू द्यावे. मग 108 ला फोन करावा. गगनबावड्यापासून कोल्हापूर साधारण 55 किलोमीटर पडते. म्हणून त्या भागात सरळ शहर गाठण्यापेक्षा आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात इंजेक्शन घेणे शहाणपणाचे. इंजेक्शनने बरे वाटले तरी काही तास देखरेखीखाली राहावे लागते, कारण लक्षणे उलटून येऊ शकतात.

तिसरी सूज सर्वांत कमी ओळखली जाते. रंकाळ्याजवळ राहणाऱ्या साठीतल्या एका गृहस्थांचे कल्पित उदाहरण पाहू. ॲम्लोडिपिनने पाय सुजतात म्हणून डॉक्टरांनी त्यांना रॅमिप्रिल दिले. दोन आठवड्यांनी कोरडा खोकला लागला. तो हवेमुळे असेल असे घरच्यांना वाटले, पण खोकला हाही याच गोळीचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. सहाव्या आठवड्यात एका सकाळी वरचा ओठ एका बाजूने सुजला. खाज नाही, अंगावर चट्टा नाही. आदल्या रात्रीच्या तांबड्या रश्श्यावर खापर फुटले. मेडिकलमधून सेट्रिझिन आणली, दुसऱ्या दिवशी ओठ पूर्ववत झाला आणि रॅमिप्रिल तसेच चालू राहिले. महिन्याभराने जीभ सुजली, बोलणे जड झाले, लाळ गिळता येईना, तेव्हा त्यांना कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात हलवावे लागले.

चूक सेट्रिझिनला श्रेय देण्यात झाली. ही सूज बहुधा एक-दोन दिवसांत आपोआप उतरते. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल या गोळ्या जे विकर अडवतात, तेच विकर शरीरातील ब्रॅडिकिनिन हा पदार्थही मोडत असते. ब्रॅडिकिनिन साठले की ओठ, जीभ, घसा, कधी आतड्यांच्या भिंतीही सुजतात. ॲलर्जीतील सूज मुख्यतः हिस्टामिनमुळे येते आणि सेट्रिझिन हिस्टामिनलाच अडवते, म्हणून इथे तिचा उपयोग होत नाही. स्टेरॉइड आणि ॲड्रेनलिनचाही भरवसा नसतो. नेमके काय आहे हे कळत नसेल तर डॉक्टर ॲड्रेनलिन देतातच, पण खरा उपचार श्वासमार्ग मोकळा ठेवणे हा असतो. ही सूज पहिल्या आठवड्यात येते तशी कित्येक वर्षे विनातक्रार गोळी घेतल्यावरही येते. त्यामुळे ‘गोळी तर जुनीच आहे’ या युक्तिवादाला अर्थ नाही.

तोंडावरची कोणतीही सूज, चट्टे असोत वा नसोत, गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठण्याइतकी गंभीर धरावी. ‘प्रिल’ने संपणारी गोळी असेल तर त्या गटातली कोणतीही गोळी पुन्हा कधीच घ्यायची नसते. पट्टीवर ब्रँडचे नाव मोठे आणि घटकाचे बारीक असते, म्हणून बारीक अक्षर वाचावे. पर्याय म्हणून टेल्मिसार्टनसारखी गोळी बहुतेकांना चालते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे.

काही प्रतिक्रिया उशिरा येतात. फिटसाठीचे कार्बामाझेपिन किंवा युरिक ॲसिडसाठीचे ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप, दुखरी लाल त्वचा, तोंडात फोड, डोळ्यांची आग असे एकत्र दिसले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उलट, अँजिओप्लास्टीनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, बराच काळ चाललेली स्टेरॉइडे किंवा फिटची जुनी गोळी मळमळीसारख्या किरकोळ त्रासासाठी एकाएकी सोडणे धोक्याचे असते.

जुलाब किंवा मळमळ झाल्यावर फाइलवर ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असा शेरा पडतो आणि तो जन्मभर चिकटतो. मग साध्या संसर्गालाही महागडी, जास्त तीव्र औषधे द्यावी लागतात. त्याऐवजी औषधाचे नाव, कितव्या मात्रेनंतर, किती वेळाने आणि नेमके काय झाले एवढे लिहून ठेवावे, चट्ट्यांचा मोबाइलवर फोटो काढावा आणि रिकामी पट्टी जपावी. रुग्णाला स्वतःही अशी नोंद राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर करता येते.