ग्लास लाइन्ड रिअ‍ॅक्टर नव्या परदेशी ग्राहकाला पाठवण्यापूर्वी: स्कोमेट परवानगी, कागदपत्रे आणि ग्राहकाची तपासणी

औषध व रसायन कारखान्यांत वापरला जाणारा ग्लास लाइन्ड रिअ‍ॅक्टर, म्हणजे आतून काचेचा थर दिलेले पोलादी भांडे, हा आपल्याकडच्या यंत्रसामग्री व्यापाऱ्यांच्या रोजच्या व्यवहारातला माल आहे. तो शस्त्र नाही, स्फोटक नाही, आणि त्याच्या खरेदीसाठी देशात कोणतीही परवानगी लागत नाही. त्यामुळे तो परदेशी पाठवण्यासाठी सरकारचे अधिकारपत्र लागते, हे अनेकांना जहाजाची तारीख ठरल्यावर समजते. क्लोरीन आणि फॉस्फरस असलेली जी संयुगे औषधे व कीटकनाशके बनवताना लागतात, त्यांच्यातल्या काहींपासून रासायनिक अस्त्रेही बनतात. ही संयुगे व त्यांतून निघणारे हायड्रोक्लोरिक आम्ल साध्या पोलादाला खातात, काचेला मात्र खात नाहीत. म्हणूनच हे भांडे दुहेरी उपयोगाच्या मालात मोडते.

भारतात अशा मालाची यादी ‘स्कोमेट’ या नावाने ओळखली जाते आणि ती परकीय व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी, प्रसिद्ध करते. विदेश व्यापार (विकास व नियमन) अधिनियम 1992 आणि सर्वसंहारक शस्त्रांविषयीचा 2005 चा अधिनियम हे तिचे कायदेशीर आधार आहेत. भारत जानेवारी 2018 मध्ये ऑस्ट्रेलिया ग्रुपचा, म्हणजे रासायनिक व जैविक अस्त्रांसाठी उपयोगी पडणाऱ्या मालाच्या निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या देशांच्या गटाचा, सदस्य झाला, आणि रासायनिक उपकरणांसाठी त्या गटाने ठरवलेले निकष आपल्या यादीतही आढळतात. रिअ‍ॅक्टर, साठवण टाक्या, हीट एक्स्चेंजर, व्हॉल्व्ह, पंप इत्यादी उपकरणे तिसऱ्या विभागाच्या ‘डी’ उपविभागात आहेत.

माल यादीत येतो का, हे कसे ठरवावे

येथे सर्वांत मोठी चूक एचएस कोडवर, म्हणजे सीमाशुल्कासाठी मालाला दिल्या जाणाऱ्या वर्गीकरण क्रमांकावर, विसंबण्याची होते. शिपिंग बिलात 8419 हे शीर्ष लिहिले की वर्गीकरण संपले, असे समजले जाते. प्रत्यक्षात त्याच शीर्षाखाली नियंत्रित आणि अनियंत्रित अशा दोन्ही वस्तू येतात. स्कोमेटचे उत्तर तांत्रिक वर्णनात असते. रिअ‍ॅक्टरसाठी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, एकूण अंतर्गत आकारमान 100 लिटरपेक्षा जास्त आणि 20,000 लिटरपेक्षा कमी आहे का. दुसरी, रसायनाचा थेट स्पर्श होणारे सर्व पृष्ठभाग ठरावीक पदार्थांचे आहेत का. या पदार्थांत काच किंवा काचेचा थर, फ्लोरोपॉलिमर, टँटलम, टायटॅनियम, झिर्कोनियम, नायोबियम, 40 टक्क्यांहून अधिक निकेल असलेले मिश्रधातू, तसेच 25 टक्क्यांहून अधिक निकेल आणि 20 टक्क्यांहून अधिक क्रोमियम असलेले मिश्रधातू येतात.

या निकषाने पाहिले, तर एसएस 316 या स्टेनलेस पोलादाचा रिअ‍ॅक्टर बाहेर राहतो, कारण त्यात निकेल साधारण 10 ते 14 टक्के असते. हॅस्टेलॉय सी-276 चा त्याच मापाचा रिअ‍ॅक्टर मात्र यादीत येतो, कारण त्यात निम्म्याहून अधिक निकेल असते. आकारमानाबाबतही एक बारकावा आहे. कॅटलॉगमध्ये लिहिलेली क्षमता ही बहुधा कामाची क्षमता असते आणि नियमातली मर्यादा भांड्याच्या एकूण भौमितिक आकारमानाला लागते. म्हणून मर्यादेच्या जवळच्या मापांसाठी निर्मात्याकडून रेखाचित्र आणि एकूण आकारमानाचे लेखी पत्र घ्यावे. काचेच्या दुरुस्तीसाठी टँटलमचे तयार जोड मालासोबत पाठवायचे असतील, तर त्यांचीही नोंद यादीत स्वतंत्रपणे तपासावी.

माल यादीत बसत नसला, तरी तो सर्वसंहारक शस्त्रांच्या कार्यक्रमासाठी वापरला जाईल अशी माहिती असेल किंवा तसे मानण्यास कारण असेल, तर तो पाठवता येत नाही. एसएस 316 च्या रिअ‍ॅक्टरचा व्यवहारही त्यामुळे आपोआप निर्धोक होत नाही. तसेच, रेखाचित्रे व निर्मितीची तांत्रिक माहिती ईमेलने पाठवणे हीही निर्यातच ठरू शकते, आणि कोटेशनच्या टप्प्यावर ही गोष्ट सहज विसरली जाते.

अर्ज कोण करू शकतो आणि काय जोडावे

ज्याच्या नावाने माल जाणार, त्याने अर्ज करायचा. निर्माता वेगळा असला, तरी मर्चंट एक्सपोर्टरची जबाबदारी निर्मात्यावर ढकलता येत नाही. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा नोंदणी क्रमांक, चालू असावा. तो दरवर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करावा लागतो आणि न केल्यास निष्क्रिय होतो. अर्ज dgft.gov.in या संकेतस्थळावर एएनएफ 10ए या नमुन्यात ऑनलाइन भरला जातो. त्यासोबत खरेदी आदेश, प्रत्येक वस्तूचे तपशीलवार तांत्रिक वर्णन आणि अंतिम वापराचे प्रमाणपत्र, म्हणजे ईयूसी, जोडावे लागते.

या सर्व कागदांत ईयूसी हाच निर्णायक कागद आहे. तो अंतिम वापरकर्त्याच्या लेटरहेडवर, अधिकृत सही-शिक्क्यानिशी असतो. माल नेमका कशासाठी वापरला जाईल, तो सांगितलेल्या कामाव्यतिरिक्त वापरला जाणार नाही आणि भारत सरकारच्या संमतीशिवाय पुढे विकला किंवा हस्तांतरित केला जाणार नाही, अशी हमी त्यात असते. मध्ये परदेशी खरेदीदार, मध्यस्थ आणि माल स्वीकारणारा असे वेगवेगळे पक्ष असतील, तर प्रत्येकाची भूमिका कागदांवर स्पष्ट दिसली पाहिजे. अर्ज आंतरमंत्रालयीन कार्यगटापुढे जातो, तेथे परराष्ट्र, संरक्षण व अन्य संबंधित खात्यांची मते घेतली जातात, आणि ‘औद्योगिक वापर’ असे दोन शब्द लिहिलेला ईयूसी तेथे प्रश्नच निर्माण करतो.

एक व्यवहार तपासून पाहू

समजा, ठाण्यातील एका व्यापाऱ्याला संयुक्त अरब अमिरातीतील एका ट्रेडिंग कंपनीकडून 5,000 लिटरच्या दोन ग्लास लाइन्ड रिअ‍ॅक्टरची मागणी आली. ग्राहक नवा आहे, आगाऊ रक्कम चांगली देतो आणि भाव फारसा पाडत नाही. आकारमान व थर या दोन्ही निकषांवर माल यादीत बसतो, म्हणून परवानगी लागणार हे पहिल्याच दिवशी निश्चित होते. पुढचा प्रश्न हा, की ट्रेडिंग कंपनी रिअ‍ॅक्टर स्वतः चालवत नाही, मग तो चालवणार कोण? अंतिम कारखान्याचे नाव, पत्ता आणि तेथे बनणारे उत्पादन कळल्याशिवाय कोटेशनच्या पुढे जाऊ नये. हे नाव सांगायला जी कंपनी ‘व्यापारी गुपित’ म्हणून नकार देते, तिच्यासाठी अर्ज भरून काही उपयोग नाही.

नाव मिळाल्यावर तांत्रिक प्रश्न विचारावेत, कारण ते सोंग उघडे पाडतात. खरा कारखाना ढवळणीचा प्रकार, जॅकेटचा दाब, नोझलची मांडणी, पूर्ण निर्वातात चालेल का, आणि काचेची स्पार्क टेस्ट झाली का, हे स्वतःहून विचारतो. उतरवताना काचेला तडा जाण्याची भीती असल्याने त्याला बसवणुकीची मदतही हवी असते. या गोष्टींत रस नसलेला, बसवणूक नको म्हणणारा आणि बिलात ‘ग्लास लाइन्ड’ ऐवजी फक्त ‘टाकी’ लिहा असे सुचवणारा ग्राहक संशयास्पद आहे. माल स्वीकारणारा म्हणून फक्त फ्रेट फॉरवर्डरचे, म्हणजे मालवाहतुकीची व्यवस्था करणाऱ्या एजंटचे, नाव, तिसऱ्याच देशातून येणारे पैसे, आणि कारखान्याच्या सांगितलेल्या उत्पादनाशी न जुळणारे माप, ही आणखी काही चिन्हे आहेत. यांपैकी एकेका गोष्टीचे निर्दोष स्पष्टीकरण असू शकते. ते लेखी मागावे आणि पटले नाही तर थांबावे.

त्यानंतर नावांची तपासणी. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची एकत्रित यादी भारतातील निर्यातदाराला टाळता येत नाही. अमेरिका, युरोपीय संघ आणि ब्रिटन यांच्या याद्या भारतीय कायद्याचा भाग नाहीत, पण डॉलरमधील पैसे साधारणपणे अमेरिकी बँकेतून फिरत असल्याने त्यांचा परिणाम थेट व्यवहारावर होतो. ऑक्टोबर 2024 मध्ये अमेरिकेने रशियाला माल पुरवल्याच्या कारणावरून सुमारे 400 व्यक्ती व संस्थांवर निर्बंध घातले, त्यांत भारतातील 19 कंपन्या होत्या. त्या व्यवहारांत भारतीय कायद्याचा भंग झालेला नाही, अशी भूमिका परराष्ट्र मंत्रालयाने घेतली. तरीही अशा यादीत नाव आलेल्या कंपनीला बँका आणि पुरवठादार टाळू लागतात, याला उपाय नाही. अमेरिकी यादी sanctionssearch.ofac.treas.gov येथे शोधता येते.

तपासताना फक्त कंपनीचे नाव टाकून भागत नाही. मालक, संचालक, अंतिम कारखाना, पैसे देणारा, फॉरवर्डर आणि शक्य तेथे जहाजाचा आयएमओ क्रमांक, हे सर्व तपासावे. अरबी किंवा रशियन नावांची रोमन स्पेलिंग अनेक प्रकारे होतात, म्हणून शोधाची अचूकता थोडी सैल ठेवावी आणि मिळालेल्या नावाची जन्मतारीख, पत्ता व नोंदणी क्रमांकाशी पडताळणी करावी. कंपनी स्वतः यादीत नसली, तरी अमेरिकेच्या निर्बंधांखालील व्यक्तींची मिळून तिच्यात 50 टक्के किंवा अधिक मालकी असेल, तर तीही निर्बंधित मानली जाते. म्हणून ट्रेड लायसन्ससोबत भागधारकांचा कागद मागावा. प्रत्येक शोधाची तारखेसह प्रत फाइलला लावावी.

वरील उदाहरणात अंतिम कारखाना आफ्रिकेतील औषध कंपनी निघाली, तिने तांत्रिक प्रश्नांची उत्तरे दिली आणि ईयूसीमध्ये उत्पादनाचे नाव लिहिले, तर अर्ज पुढे न्यायला हरकत नाही. या वेळी अटी मात्र नीट लिहाव्यात. वितरणाची मुदत परवानगी मिळाल्याच्या तारखेपासून मोजली जाईल असे करारात ठेवावे, आणि एलसीतील, म्हणजे बँकेच्या पतपत्रातील, शेवटची जहाजभरणीची तारीख त्यानुसारच ठरवावी. एक्स-वर्क्स अटीवर विक्री टाळावी, कारण त्यात माल ग्राहकाच्या फॉरवर्डरच्या हाती जातो आणि तो नेमका कुठे पोहोचला हे सांगणे कठीण होते.

परवानगी हाती आल्यावर शिपिंग बिल, इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्टवरील वर्णन, प्रमाण आणि पक्षांची नावे परवानगीशी अक्षरशः जुळली पाहिजेत. नावात फरक असेल, तर माल पाठवण्याआधीच सुधारणा करून घ्यावी. परवानगीशिवाय माल गेला, तर विदेश व्यापार अधिनियमाखाली किमान 10,000 रुपयांपासून मालाच्या किमतीच्या पाचपट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो आणि आयईसीही निलंबित होऊ शकतो. 2005 च्या अधिनियमाखाली तुरुंगवासाची तरतूद वेगळी आहे. अर्ज, ईयूसी, पत्रव्यवहार आणि तपासणीचे पुरावे पाच वर्षे सांभाळावेत. परवानगी आणि जहाजभरणी यांत काही महिने जाऊ शकतात आणि निर्बंधांच्या याद्या सतत बदलतात, त्यामुळे कंटेनर बंदराकडे निघण्याच्या आदल्या दिवशी सर्व नावे पुन्हा एकदा तपासून त्या शोधाची प्रतही त्याच फाइलला जोडावी.