ऐन वेळी कच का खाल्ली जाते? ‘यशाची भीती’ या शब्दाची पार्श्वभूमी

प्रबंधाची पाच प्रकरणं लिहून झाली आहेत, मार्गदर्शकांनी ती मान्यही केली आहेत. उरला आहे फक्त समारोप. नेमक्या त्याच महिन्यात ती संशोधक विद्यार्थिनी मैत्रिणीचं प्रकरण तपासून द्यायला बसते, संदर्भसूची नव्या पद्धतीनं पहिल्यापासून लावायला घेते आणि सादरीकरणाची तारीख चुकवते. अशा वेळी आजूबाजूची माणसं हमखास म्हणतात, ‘हिला यशाचीच भीती वाटते.’ हे निदान आता इतकं सहज केलं जातं, की ते शहाणपण पूर्वापार चालत आलेलं आहे असं वाटावं. पण मानसशास्त्रात मोजण्याजोगी गोष्ट म्हणून ‘यशाची भीती’ आली ती 1965च्या सुमारास, एका वाक्याच्या आधारानं. पुढच्या दहा वर्षांत तिचं जे झालं, ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे.

त्याआधीचा एक टप्पा थोडक्यात. 1916 साली मनोविश्लेषणाच्या जनकानं ‘यशामुळे कोसळणाऱ्या’ माणसांवर एक प्रकरण लिहिलं. त्यातला एक रुग्ण अध्यापक होता. आपल्या गुरूच्या जागी आपली नेमणूक व्हावी अशी त्याची वर्षानुवर्षांची इच्छा होती. गुरू निवृत्त झाले आणि सहकाऱ्यांनी यालाच निवडलं. तेव्हा तो कचरू लागला, आपण त्या जागेच्या लायकीचे नाही असं सांगू लागला आणि शेवटी अशा उदासीनतेत गेला की पुढची काही वर्षं त्याच्या हातून काम झालं नाही. यातली वेळ महत्त्वाची आहे. इच्छा मनात होती तोवर सगळं ठीक होतं, कोसळणं आलं ते ती पुरी होण्याची खात्री झाल्यावर. लेखकानं त्याचं मूळ बालपणातल्या अपराधभावात शोधलं. ते पटो न पटो, पण निरीक्षण टिपलं होतं नेमकं.

आता ते वाक्य. साठच्या दशकापर्यंत यशाच्या प्रेरणेवर बरंच संशोधन झालं होतं, पण मुख्यतः पुरुषांवर. स्त्रियांची उत्तरं सिद्धान्तात नीट बसत नव्हती, म्हणून ती बाजूला ठेवली जात. एका तरुण संशोधिकेनं ही बाजूला ठेवलेली गोष्टच आपल्या पीएचडीचा विषय केली. तिनं अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या 90 मुली आणि 88 मुलगे घेतले. त्यांना एक सुरुवातीचं वाक्य देऊन पुढची गोष्ट लिहायला सांगितलं. मुलींना दिलेलं वाक्य असं होतं : पहिल्या सत्राच्या परीक्षेनंतर ॲनला कळतं की मेडिकलच्या वर्गात ती पहिली आली आहे. मुलग्यांना हेच वाक्य दिलं, फक्त ॲनच्या जागी जॉन होता.

मुलींनी लिहिलेल्या गोष्टी वाचताना आजही अंगावर काटा येतो. एकीत ॲन पुढच्या सत्रात मुद्दाम मागे पडते, मित्राला अभ्यासात मदत करते आणि शेवटी शिक्षण सोडून त्याच्याशी लग्न करते. एकीत वर्गातली मुलं तिच्यावर तुटून पडतात आणि ती जन्माची अपंग होते. एकीत तर ॲन नावाची मुलगीच नसते. ते विद्यार्थ्यांनी मिळून रचलेलं टोपणनाव असतं, परीक्षा ते आळीपाळीनं देत असतात. यशाचा वाईट परिणाम, यशाबद्दल अपराधीपणा किंवा यश घडलंच नाही असं दाखवणं, यांपैकी काहीही गोष्टीत आलं की तिथे ‘यश टाळण्याची प्रेरणा’ आहे अशी नोंद होई. अशा नोंदी मुलींमध्ये सुमारे 65 टक्के निघाल्या, मुलग्यांमध्ये 10 टक्क्यांहूनही कमी.

1969 साली हे एका लोकप्रिय मासिकात छापून आलं आणि शब्द वणव्यासारखा पसरला. स्त्रिया मागे का राहतात, याचं उत्तर सापडल्यासारखं झालं : त्यांच्या मनातच काहीतरी अडतं. मूळ संशोधिकेची मांडणी यापेक्षा सावध होती. स्त्रीला यशाची किंमत मोजावी लागेल अशी अपेक्षा असते आणि त्या अपेक्षेतून ही प्रेरणा तयार होते, असं तिचं म्हणणं होतं. छापील चर्चेत मात्र अपेक्षा गळून पडली आणि प्रेरणा तेवढी उरली.

खरा घोळ इथे आहे. मुलींनी गोष्ट ॲनबद्दल लिहिली होती, स्वतःबद्दल नाही. शिवाय मुलींना फक्त ॲन आणि मुलग्यांना फक्त जॉन दिल्यामुळे फरक लिहिणाऱ्यामुळे पडला की पात्रामुळे, हे कळायला वावच नव्हता. 1974 साली दुसऱ्या एका गटानं मुलग्यांनाही ॲन दिली आणि मुलींनाही जॉन. मुलग्यांनीही ॲनचं वाटोळंच केलं. म्हणजे चाचणीत उतरलं होतं ते लिहिणारीच्या मनातलं भय कमी आणि मेडिकलमध्ये पहिली येणाऱ्या मुलीचं काय होतं याबद्दल दोघांनाही असलेलं सामाजिक ज्ञान जास्त. त्या काळी मेडिकलच्या वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असत. तिथे पहिल्या आलेल्या मुलीला एकटं पाडलं जाईल असं लिहिणं ही भीती म्हणायची, की जगाचा अचूक अंदाज? माझ्या मते दुसरं. आणि अचूक अंदाजाला मनाचा दोष ठरवणं हा त्या मुलींवर अन्यायच होता.

त्याच विद्यापीठात 1971 साली हाच प्रयोग पुन्हा झाला तेव्हा तर आकडे उलटे आले. मुलींमध्ये प्रमाण तेवढंच, 65 टक्के, पण मुलग्यांमध्ये 77. मुलग्यांच्या गोष्टींतला सूर मात्र वेगळा होता. जॉनला कुणी वाळीत टाकत नव्हतं. पहिला येऊनही हे सगळं कशासाठी, असा प्रश्न त्याला पडत होता. गुण देण्याच्या पद्धतीत या दोन्ही गोष्टी ‘यशाची भीती’ या एकाच रकान्यात जात होत्या. 1974च्याच एका आढाव्यानं ही कल्पना लोकप्रिय आहे पण सिद्ध झालेली नाही असा निर्वाळा दिला. प्रयोगशाळेत तिचा जोर त्यानंतर ओसरला, बोलण्यात मात्र ती राहिली.

मग ऐन वेळी माघार घेणं खोटं का? नाही. ते घडतं, फक्त त्याची कारणं दुसरीकडे सापडली. एक धागा चाळीसच्या दशकातल्या उंदरांवरच्या प्रयोगांत होता. बोळाच्या टोकाला अन्न ठेवायचं आणि तिथेच विजेचा झटकाही द्यायचा. पट्टा बांधून उंदराच्या ओढीचा जोर मोजला तेव्हा दिसलं की टोक जवळ येईल तशी ओढही वाढते आणि भीतीही, पण भीती अधिक वेगानं वाढते. म्हणून लांब असताना ओढ जिंकते, उंदीर निघतो, आणि जवळ आला की थबकतो. पाच प्रकरणं सुरळीत होऊन सहावं का अडतं, याचं इतकं साधं स्पष्टीकरण दुसरं माझ्या वाचनात नाही. त्यासाठी यशाचीच भीती असायला लागत नाही. टोकाशी कसलंही दुखणं असलं तरी पुरतं.

दुसरा धागा 1978चा. विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली. काहींना सुटणारी, काहींना अशी की ज्यांना उत्तरच नव्हतं. तुम्ही उत्तम केलंत, असं मात्र सगळ्यांनाच सांगितलं. पुढच्या फेरीआधी दोन गोळ्यांतून एक निवडायची होती : एक बुद्धीला तरतरी आणणारी, दुसरी मंद करणारी, असं सांगण्यात आलं होतं. आपल्याला शाबासकी का मिळाली हे ज्यांना कळलंच नव्हतं, त्यांच्यातल्या पुरुषांचा कल मंद करणाऱ्या गोळीकडे झुकला. कारण उघड आहे : आता अपयश आलंच तर दोष गोळीचा, आणि आधीची शाबासकी शाबूत. याला स्वतःहून स्वतःच्या वाटेत अडथळा ठेवणं म्हणतात. इथे यश नकोसं झालेलं नसतं. मिळालेलं यश गमावायची भीती असते.

1987 साली मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरण-पुस्तिकेच्या परिशिष्टात ‘स्वतःचाच पराभव करणारं व्यक्तिमत्त्व’ हा विकार अभ्यासासाठी सुचवला गेला. त्यातलं एक लक्षण होतं चांगलं काही घडल्यावर उदास होणं किंवा स्वतःला इजा होईल असं वागणं. दुसऱ्या लक्षणाचं उदाहरण होतं, इतर विद्यार्थ्यांना निबंध लिहायला मदत करणारा, पण स्वतःचा निबंध लिहू न शकणारा माणूस. विरोध जोरदार झाला. घरात मार खाणाऱ्या बाईला हेच लेबल लावून दोष तिच्याच माथी मारला जाईल, असा आक्षेप होता. म्हणून छळाच्या भीतीनं केलेलं वागणं यात धरायचं नाही, अशी अट घातली गेली. तरी 1994च्या आवृत्तीतून हा विकार वगळण्यात आला. तो वगळला हे योग्यच झालं असं मला वाटतं. ॲनच्या बाबतीत झालेली चूकच इथे पुन्हा होऊ घातली होती, आणि या वेळी तिच्यावर वैद्यकीय शिक्का बसला असता.

सुरुवातीच्या विद्यार्थिनीकडे परत येऊ. मैत्रिणीचं प्रकरण तपासणारी ती त्या पुस्तिकेतल्या उदाहरणात चपखल बसते, पण तेवढ्यावरून काहीच कळत नाही. अडथळ्याची बातमी ती आधीच पेरते आहे का, हे पाहावं. ‘झोप नाही, वेळ नाही, बघू कसं होतं ते’ असं परीक्षकांच्या कानावर जाईल अशा बेतानं ती सांगत असेल, तर प्रकार गोळीचा आहे. आधीच्या प्रकरणांची स्तुती नेमकी कशाबद्दल झाली हे तिला सांगता येतं का, हेही विचारून पाहावं. तारीख पुढे ढकलली तर तिला हायसं वाटतं, की पदवीच रद्द झाली तर? पदवीनंतर गाव सोडावं लागणार असेल, घरात कुणाचा तरी अहंकार दुखावणार असेल, तर टोकाशी खरोखरच झटका आहे आणि बोलायचं ते त्या झटक्याबद्दल. शिवाय सगळ्याच कामांतून तिचं मन उडालं असेल, जेवणझोप बिघडली असेल, तर हे नैराश्य असू शकतं. मग समारोपाचं प्रकरण बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठायला हवा.

आणि तारीख एकदाच चुकली असेल, तर तिला फक्त समारोप लिहिता येत नसेल, हीही शक्यता आहे. पाच प्रकरणांतून काय निष्पन्न झालं हे सांगणं हे त्यातलं सर्वांत अवघड काम असतं.