पट्टीचा रंग तोच, बाटली वेगळी: पोटॅशियम सायट्रेट आणि सोडियम सायट्रेट

निपाणीत औषधाचं दुकान चालवतो. मार्च सुरू झाला की काउंटरवर दिवसातून चार-पाच वेळा एकच मागणी ऐकू येते: "उन्हाळी लागलीया, ते लघवीचं गोड औषध द्या." त्यांना हवं असतं ते डायसोडियम हायड्रोजन सायट्रेटचं सिरप. शेजारच्याच फळीवर पोटॅशियम सायट्रेटचं सिरप असतं. दोन्ही पाण्यात मिसळून प्यायची, दोन्हींच्या नावात सायट्रेट, आणि दोन्ही लघवीतलं ॲसिड कमी करतात. म्हणून एक संपलं की दुसरं नेणारे आणि देणारे, दोघेही सापडतात. चार दिवसांच्या जळजळीला फारसं बिघडत नाही. यूरिक ॲसिडचा खडा असेल तर मात्र बिघडतं, आणि ते कसं हे मला एका अण्णांच्या वहीत दिसलं.

अण्णा तंबाखूच्या वखारीत कामाला, वय छप्पन्न, दहा वर्षांची साखर. कंबरेतून कळ आली, एक खडा लघवीवाटे पडला. त्यांनी तो कागदात गुंडाळून बेळगावच्या डॉक्टरांकडे नेला आणि तपासणीत तो यूरिक ॲसिडचा निघाला. उजव्या मूत्रपिंडात आठ मिलिमीटरचा आणखी एक सोनोग्राफीत दिसत होता, साध्या एक्स-रेत मात्र नाही. यूरिक ॲसिडचे खडे एक्स-रेत सहसा उमटत नाहीत. साखर असलेल्यांची लघवी बऱ्याचदा सतत आंबट राहते, त्यामुळे रक्तातलं यूरिक ॲसिड ठीक असतानाही असा खडा धरू शकतो.

हा खडा असा की तो औषधाने विरघळवता येतो. पीएच म्हणजे आंबटपणाचा आकडा, जितका खाली तितकी लघवी आंबट. लघवीचा पीएच पाच असेल तर यूरिक ॲसिड विरघळायला तयार नसतं. तोच साडेसहावर नेला की त्याच लघवीत सुमारे दहापट विरघळतं. म्हणून खडा विरघळवायचा तर पीएच साडेसहा ते सातच्या मध्ये टिकवायचा. सातच्या वर जाऊन उपयोग नाही, कारण तिथे कॅल्शियम फॉस्फेट बसू लागतं आणि जुन्या खड्यावर त्याची साल चढली की आतला खडा विरघळायचा थांबतो.

डॉक्टरांनी पोटॅशियम सायट्रेटचं सिरप दोन चमचे, म्हणजे दहा मिलि, सकाळी आणि रात्री जेवणानंतर पेलाभर पाण्यातून दिलं. पाणी एवढं प्यायचं की दिवसभरात दोन-अडीच लिटर लघवी व्हावी. पीएच घरी बघायला पट्ट्या दिल्या. सूनबाईंनी वही घातली. औषधाआधी सकाळी ५, दुपारी ५.५, रात्री ५.५. आठवड्याने सकाळी ६, दुपारी ६.५, रात्री ६.५. सकाळची लघवी रात्रभराची असते, म्हणून ती सगळ्यात आंबट. डॉक्टरांनी वही बघून रात्रीचा डोस झोपण्याच्या वेळेकडे सरकवला आणि सकाळही साडेसहावर आली.

मग लग्नसराईत अण्णा आठ-दहा दिवस गावी गेले. बाटली संपली. तिथल्या दुकानात सोडियमचं सिरप मिळालं, "सायट्रेटच हाय की" म्हणून. परत आल्यावरही त्यांनी तेच चालू ठेवलं, कारण वहीत काहीच बदललं नव्हतं. सकाळी ६.५, दुपारी ६.५. सव्वा महिन्याने चपला पायात घट्ट होऊ लागल्या, घोट्यावर बोट दाबलं की खड्डा राहायचा. बीपी १३०/८० वरून १५०/९० वर गेलं. तेव्हा सूनबाई बाटली घेऊन माझ्याकडे आल्या.

पट्टी फक्त आम्ल किती हे सांगते. ते कमी कुणी केलं, सोडियमने की पोटॅशियमने, हे तिला कळत नाही. सायट्रेट शरीरात गेलं की त्याचं बायकार्बोनेट होतं आणि लघवीचं ॲसिड उतरतं. हे दोन्ही बाटल्यांत सारखंच घडतं. फरक सायट्रेटला चिकटून येणाऱ्या धातूचा. सोडियमच्या सिरपच्या एका चमच्यात सुमारे अडीचशे मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त मीठ. अण्णा दिवसाला चार चमचे घेत होते. म्हणजे जेवणातल्या मिठावर रोज अडीच ग्रॅम मीठ. ते बीपी चढवतं, पाणी धरून ठेवतं. शिवाय सोडियम वाढलं की लघवीत कॅल्शियम जास्त उतरतं आणि यूरिक ॲसिडचा सोडियमचा क्षार साचतो, जो कॅल्शियमच्या खड्याला बीज पुरवू शकतो. एक खडा विरघळवताना दुसऱ्याची तयारी होते. पोटॅशियमने उलट लघवीतलं कॅल्शियम कमी होतं. वर्षानुवर्षं घ्यायच्या औषधात हा फरक मोठा आहे. खायचा सोडा घेणाऱ्यांनाही हेच लागू, त्यातही सोडियमच.

पण पोटॅशियमची बाटली निर्धास्त हातात देण्यासारखी नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर पोटॅशियम नीट बाहेर टाकलं जात नाही, रक्तात वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. बीपीसाठी टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर हा धोका वाढतो. कमी सोडियमचं मीठ म्हणून जे मिळतं त्यातही पोटॅशियम असतं. म्हणून सुरुवातीला आणि मग एक-दोन आठवड्यांनी रक्तातलं पोटॅशियम व क्रिएटिनिन बघावं लागतं. हेही पट्टी सांगत नाही. ज्यांचं पोटॅशियम आधीच वर आहे त्यांना डॉक्टर मुद्दाम सोडियमचं देतात. त्यामुळे सोडियमची बाटली वाईट असं मी म्हणणार नाही, पण ती कुणासाठी हे डॉक्टरांनी ठरवायचं. दुकानदाराने नाही, आणि फळीवर काय शिल्लक आहे यानेही नाही.

पट्टीबद्दल दोन गोष्टी अण्णांच्या घरात चुकल्या होत्या. त्या इतरांकडेही चुकतात. रात्रीची लघवी डब्यात ठेवून सकाळी पट्टी बुडवली आणि ७.५ आलं, घरचे घाबरले. ठेवलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि पीएच आपोआप चढतो, म्हणून ताजीच घ्यायची. ताज्या लघवीतही रोज साडेसातच्या वर येत असेल तर डोस जास्त आहे किंवा जंतुसंसर्ग आहे, तेव्हा डॉक्टरांना दाखवायचं. दुसरी चूक पट्टीच्या निवडीची. दहा चौकोनांच्या पट्टीवर पीएच मोठ्या टप्प्यांनी वाचला जातो, आणि जास्तीची लघवी झटकली नाही तर शेजारच्या प्रथिनांच्या चौकोनातलं ॲसिड ओघळून आकडा खाली येतो. ५ ते ८ मधला पीएच अर्ध्या-अर्ध्या टप्प्याने दाखवणारी पट्टी घ्यावी, आडवी धरावी, दिवसाच्या उजेडात आणि डबीवर लिहिलेल्या वेळेतच रंग जुळवावा. जळजळीसाठी फेनाझोपायरिडीनची गोळी चालू असेल तर लघवी केशरी होते आणि रंग कळत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात डबी उघडी राहिली की पट्ट्या आठवड्यात दमट होतात, म्हणून आतली ओल शोषणारी पुडी टाकून देऊ नये.

अण्णांचं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून डॉक्टरांनी पुन्हा पोटॅशियमचं सिरप चालू केलं. दोन आठवड्यांत पायाची सूज उतरली, बीपी खाली आलं. तीन महिन्यांनी सोनोग्राफीत खडा दिसला नाही. सूनबाईंनी आता वहीत पीएचच्या रकान्याशेजारी बीपीचा रकाना आखलाय, आणि नवी बाटली नेताना त्या आधी लेबलावरचं बारीक अक्षर वाचून घेतात.