क्युबिस्ट पोर्ट्रेटची ऑर्डर देण्याआधी : फोटो कसे हवेत?

बहुतेक ग्राहक आम्हाला एकच फोटो पाठवतात. समोरून काढलेला, हसरा, ब्युटी मोडने गुळगुळीत केलेला. खाली मेसेज असतो, 'याचं पिकासोसारखं करून द्या.' मग आमचा फोन जातो, दुसरा फोटो येतो, तोही समोरूनच, आणि यातच आठवडा जातो.

एका फोटोवर रेघा मारून तुकडे पाडता येतात, मोबाइलमधला फिल्टर तेच करतो. पण तो चेहरा फुटलेल्या आरशात पाहिल्यासारखा दिसतो. तुकडे पुष्कळ, पाहण्याची जागा मात्र एकच. क्युबिझममध्ये नाक बाजूने, एक डोळा समोरून, कपाळ किंचित वरून, असं सगळं एकाच चित्रात येतं. समोरच्या फोटोवरून नाक किती पुढे आलं आहे, जबडा कानाखाली कुठे वळतो, हे नीट कळत नाही. ते आम्ही मनाने भरलं, तर ते नाक तुमच्या वडिलांचं राहणार नाही. पिकासोपुढे माणूस बसायचा, आमच्यापुढे फक्त तुमचे फोटो असतात.

म्हणून चार फोटो लागतात : समोरून, पाऊण वळलेला, पूर्ण बाजूने आणि एक थोडा वरून. सगळे एकाच बैठकीत, एकाच खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता. फ्लॅशने गालाच्या हाडाची कड आणि नाकाशेजारची सावली पुसली जाते, आणि आम्ही चेहऱ्याचे पृष्ठभाग पाडतो ते याच कडांवरून. साधारण दोन मीटर लांब उभं राहून झूम करा. सेल्फीत नाक फुगतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट, हनुवटी. माणूस मान सरळ ठेवून नुसता डावी-उजवीकडे वळला, तर डोळे, नाकाचा तळ आणि ओठ यांची उंची बदलत नाही. आम्ही पहिले तिन्ही फोटो एकाच मापाचे छापतो, त्यांवर ट्रेसिंग पेपर ठेवून या तीन आडव्या रेषा जुळवतो आणि मगच कुठली बाजू कुठे जोडायची ते ठरवतो. हनुवटी वर गेली की रेषा जुळत नाहीत.

डिचोलीच्या एका ताईंनी वडिलांच्या साठीनिमित्त ऑर्डर दिली होती. जाड फ्रेमचा चष्मा, भरघोस मिशी. चित्राला उत्तम चेहरा. समोरच्या फोटोत कानाची पाळी नाकाच्या तळाच्या रेषेत होती, पाऊण वळलेल्या फोटोत ती वरच्या ओठापर्यंत उतरलेली. कान खाली आलेला दिसला की हनुवटी वर गेली समजा. पूर्ण बाजूचा फोटो असा असता तर फिरवून सरळ करता आला असता. पाऊण वळलेल्यात ते जमत नाही, कारण नाकपुड्या दिसू लागतात आणि नाकच आखूड होतं. ताईंना तेवढा एक फोटो पुन्हा काढायला सांगितला. तयार चित्रात चष्म्याची एक काच समोरून पूर्ण गोल आहे, दुसरी बाजूने पाहिल्यासारखी अरुंद. मधून नाकाची बाजूची कड उतरते आणि चष्म्याची दांडी कानावरून पुढे जात पार्श्वभूमीत मिसळते. मिशी मात्र आम्ही मोडली नाही.

'ओळखू येतील ना?' याचं उत्तर त्या मिशीत आहे. पिकासोने 1910 मध्ये कानवायलर या चित्रविक्रेत्याचं पोर्ट्रेट केलं, त्यात चेहरा जवळजवळ विरघळला आहे. केसांचं वळण, घड्याळाची साखळी आणि एकमेकांत गुंतवलेले हात यांवरून माणूस सापडतो. आम्ही इतकं पुढे जात नाही. पण अशी एखादी खूण अखंड ठेवतो. तुमच्या माणसाची खूण कोणती, ते ऑर्डर देतानाच सांगा.

रंगांबद्दल थोडक्यात : त्या काळातली ही चित्रं करडी-तपकिरी आहेत, त्यामुळे पृष्ठभागांची घडण ठळक दिसते. कुणाला हॉलच्या भिंतीला शोभेल असं निळं-गेरू हवं असेल तर तेही करतो, दर तोच.

माणूस हयात नसेल तर जुने अल्बम चाळा. लग्नाच्या ग्रुप फोटोत कडेला, मान वळवून उभे असलेले आजोबा बऱ्याचदा सापडतात. चेहरा नखाएवढा असला तरी मूळ फोटो घेऊन या, स्कॅन आम्ही इथेच करतो, त्याचे पैसे घेत नाही. खरोखर एकच फोटो असेल तर उजेड-सावलीवरून पैलू पाडून पोर्ट्रेट करून देऊ, पण त्याला क्युबिस्ट म्हणून विकणार नाही. त्याचा दरही कमी आहे.

आगाऊ रक्कम फोटो तपासून झाल्यावरच घेतो. तैलरंग पावसात सुकायला वेळ लावतात, तेव्हा चित्र चतुर्थीला घरी हवं असेल तर फोटो मे महिन्यातच पाठवा.