खुलासा: भरपाई म्हणजे ‘बिलाच्या तिप्पट’ नव्हे

“अपघाताच्या भरपाईसाठी विमा कंपनीला द्यायच्या मागणीपत्रात दवाखान्याच्या बिलाच्या तिप्पट आकडा टाकायचा, म्हणजे झालं, असं सगळे सांगतात. बरोबर ना?”

नाही. या हिशोबात बऱ्याचदा तुमचंच नुकसान होतं. समजा, मनगट मोडलं आणि बिल झालं 40 हजार. तिप्पट म्हणजे 1 लाख 20 हजार. आता एकेक बाब मांडून बघा. आठवड्याला 6 हजार कमावणारा माणूस 10 आठवडे घरी बसला, की 60 हजार बुडाले. पुढे हाडात बसवलेली प्लेट काढायच्या शस्त्रक्रियेचे डॉक्टरांनी लेखी दिलेले 25 हजार, जाण्यायेण्याचे 5 हजार. बिल धरून 1 लाख 30 हजार झाले, आणि वेदना, कायमचं अपंगत्व अजून मोजलेलंच नाही! वेदनेची पावती नसते. तिथे उपचारांच्या नोंदी बोलतात. बाकी प्रत्येक आकड्यामागे मात्र कागद हवा, नाहीतर विमा कंपनी आधी तोच कापते.

पत्रावर ‘तडजोडीपुरता प्रस्ताव, हक्काला बाधा न आणता’ असं लिहा. प्रकृती स्थिरावल्याशिवाय अंतिम तडजोडीवर सही नको, कारण प्लेटचा खर्च नंतर सहसा मागता येत नाही. फक्त दाव्याची मुदत उलटू देऊ नका; वाटाघाटी चालू आहेत म्हणून ती आपोआप थांबेल, असं धरून चालू नये.